रेघेच्या वर एक घर

स्लॉट मशीनच्या खिडकीत चाकाची तीन घरे दिसतात. एक वर, एक मधल्या रेघेवर आणि एक खाली. रेघेवर जे थांबेल तेवढेच मोजले जाते. वर-खाली जे दिसते त्याला काही किंमत नसते, पण खेळणाऱ्याची नजर तिथे जातेच. डाव्या चाकावरचा लाल सात रेघेच्या एक घर वर थांबलेला असतो, मधल्या चाकावरचा एक घर खाली, तिसऱ्याचा नेमका रेघेवर. अगदी थोडक्यात हुकले, असे वाटून हात पुन्हा बटणाकडे जातो. हे दृश्य किती वेळा दिसावे याचा हिशोब मशीन तयार होतानाच झालेला असतो आणि तो हिशोब कोणालाही कळण्याइतका सोपा आहे.

त्याची सुरुवात एका अडचणीतून झाली. चार्ल्स फे या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत बनवलेल्या ‘लिबर्टी बेल’ मशीनला तीन चाके होती आणि प्रत्येकावर दहा घरे. म्हणजे एकूण हजार जुळण्या. पुढे चाके मोठी झाली आणि बावीस घरांची मशीन रूढ झाली. बावीस गुणिले बावीस गुणिले बावीस म्हणजे 10,648 जुळण्या. प्रत्येक चाकावर एकच सात असेल, तर तीन सात रेघेवर येण्याची शक्यता 10,648 मध्ये एक. मालकाला दहा लाख डॉलरचे बक्षीस लावायचे असेल तर हे गणित त्याला परवडत नाही. ताशी सहाशे फेऱ्या धरल्या तर सरासरी अठरा तासांच्या आत एकदा ते बक्षीस द्यावे लागेल.

यावर दोनच उपाय होते. चाके वाढवायची किंवा चाकावरची घरे वाढवायची. दोन्हींत अडचण तीच. पाच चाकांचे किंवा अवाढव्य चाकांचे मशीन पाहताच माणसाला कळते की इथे जिंकणे अवघड आहे, आणि तो शेजारच्या छोट्या मशीनवर जाऊन बसतो. 

इंगे तेल्नेस यांनी 1982 मध्ये अर्ज केलेल्या आणि 1984 मध्ये मंजूर झालेल्या अमेरिकी पेटंटने, क्रमांक 4,448,419, या कोंडीतून वाट काढली. डोळ्यांना दिसणारे चाक बावीस घरांचेच ठेवायचे, पण निकाल त्या चाकावर सोडायचाच नाही. निकाल संगणकाच्या स्मृतीतल्या एका मोठ्या यादीने ठरवायचा आणि खरे चाक मोटरने त्या निकालापाशी नेऊन थांबवायचे. या यादीलाच आभासी चाक म्हणतात. मशीनमधली खरी शक्यता आणि ग्राहकाला जाणवणारी शक्यता यांच्यात अंतर असणे धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे, हा विचार त्या पेटंटच्या मजकुरात उघडपणे मांडलेला आहे. इंटरनॅशनल गेम टेक्नॉलॉजी या बड्या कंपनीने पुढे या पेटंटचे हक्क विकत घेतले आणि कॅसिनोतल्या फिरत्या चाकांच्या मशीनमध्ये ही पद्धत सर्रास आली.

ती कशी चालते हे समजण्यासाठी एक नमुन्याचे मशीन मांडू. हा आराखडा कोणत्याही एका कंपनीचा नाही. समजावण्यासाठी घेतलेला आहे. चाकावर बावीस घरे आहेत. पहिल्या घरावर लाल सात आहे. त्याच्या दोन्ही बाजूंची घरे, म्हणजे दुसरे आणि बाविसावे, कोरी आहेत. उरलेल्या एकोणीस घरांवर चेरी, घंटा, पट्टे आणि आणखी कोऱ्या जागा आहेत. आभासी चाकावर मात्र चौसष्ट आकडे आहेत, 0 ते 63. आता हे चौसष्ट आकडे बावीस घरांना वाटायचे. आकडे घरांपेक्षा जास्त आहेत, म्हणून काही घरांच्या वाट्याला अनेक आकडे येणार, आणि कोणाला किती द्यायचे हे मशीन बनवणारा ठरवतो. आपल्या नमुन्यात 0 ते 5 हे सहा आकडे बाविसाव्या, कोऱ्या घराला दिले. फक्त 6 हा एकच आकडा लाल साताला. 7 ते 12 हे सहा आकडे दुसऱ्या कोऱ्या घराला. उरलेले एक्कावन्न आकडे बाकीच्या एकोणीस घरांत वाटून टाकले.

मशीनच्या आत एक प्रोग्रॅम सतत रँडम आकडे तयार करत असतो, कोणी खेळत नसतानाही. बटण दाबले की त्या क्षणीचे आकडे उचलले जातात, प्रत्येक चाकासाठी एक. समजा पहिल्या चाकासाठी 2,847,193,605 हा आकडा आला. त्याला 64 ने भागले की बाकी उरते 5. यादीत पाहिले तर 5 म्हणजे बाविसावे कोरे घर. दुसऱ्या चाकासाठी 1,306,442,891 आला. बाकी 11, म्हणजे दुसरे कोरे घर. तिसऱ्यासाठी 730,518,470 आला. बाकी 6, म्हणजे लाल सात. फेरी हरली हे एवढ्यात ठरले. चाके अजून फिरत आहेत, दिवे लुकलुकत आहेत, पण त्यांच्याकडे ठरवण्यासारखे काही राहिलेले नाही. मोटर चाकांना सांगितलेल्या घरांवर नेऊन थांबवते, आणि खेळणाऱ्याला सुरुवातीला वर्णन केलेले दृश्य दिसते. तिन्ही सात खिडकीत, पण रेघेवर एकच.

इथे एका गोष्टीवर थांबायला हवे. पहिल्या चाकाला 5 आला आणि हवा होता 6, म्हणजे तो खरोखरच एका आकड्याने हुकला, असे कोणी म्हणेल. पण 5 च्या शेजारी 6 असणे ही केवळ यादी लिहिण्याची सोय आहे. त्या कोऱ्या घराला 0 ते 5 ऐवजी 3, 17, 29, 40, 52 आणि 61 हे आकडे दिले असते, तरी खिडकीतले दृश्य तितक्याच वेळा दिसले असते. शिवाय बाकी 5 उरणे आणि बाकी 48 उरणे यांत सहाच्या जवळचे काही नाही. दोन्ही सारखेच हरलेले निकाल आहेत. कॅरममध्ये सोंगटी खळग्याच्या काठाला लागून परतली तर नेम सुधारतो आहे असे समजण्यात अर्थ असतो, कारण पुढचा फटका त्याच हाताचा आणि त्याच डोळ्याचा असतो. रँडम आकड्याला हातही नाही आणि मागच्या फेरीची आठवणही नाही.

आता या वाटणीचा परिणाम मोजू. सात रेघेवर येण्याची शक्यता बाविसात एक होती, ती चौसष्टात एक झाली. तीन चाकांसाठी ती 64 चा घन, म्हणजे 2,62,144 मध्ये एक. ताशी सहाशे फेऱ्यांच्या हिशोबाने सरासरी 437 तासांत एकदा. पण सात रेघेच्या लगेच वर किंवा खाली येण्याची शक्यता किती? दोन्ही कोऱ्या घरांना मिळून बारा आकडे दिलेले आहेत, म्हणजे चौसष्टात बारा. साध्या, प्रामाणिक चाकावर सात रेघेवर एकदा आला तर वर-खाली मिळून दोनदा दिसतो. या चाकावर तो बारा वेळा दिसतो. बक्षीस दुर्मीळ झाले आणि त्याचे दर्शन मात्र वाढले.

तिन्ही सात एकाच वेळी खिडकीत कुठेतरी दिसण्याचे प्रमाण पाहिले तर हे अधिकच ठळक होते. या मशीनवर 2,62,144 पैकी 2,197 जुळण्यांत तसे होते, आणि त्यांतली जिंकणारी जुळणी एक. म्हणजे एका खऱ्या विजयामागे 2,196 हुलकावण्या. साध्या चाकांवर हेच प्रमाण एकास सव्वीस असते. सहाशे फेऱ्या खेळणाऱ्या माणसाला तासाभरात सरासरी पाच वेळा तिन्ही सात समोर दिसतील. त्याला वाटणारच की मोठे बक्षीस आसपास घुटमळते आहे. त्या माणसाला मूर्ख म्हणणे अन्यायाचे आहे. डोळ्यांसमोर जे वारंवार घडते त्यावरून अंदाज बांधायचा, हीच माणसाची रीत आहे, आणि ही वाटणी नेमकी त्या रीतीवर बेतलेली आहे.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे केव्हिन हॅरिगन यांनी हा हिशोब खऱ्या मशीनवर करून पाहिला. प्रत्येक मशीनचा एक गणिती तक्ता असतो, त्याला धंद्यात पार शीट म्हणतात. कोणत्या चिन्हाला आभासी चाकावर किती जागा आहेत हे त्यात लिहिलेले असते आणि कंपन्या तो गुप्त ठेवतात. हॅरिगन यांनी ऑन्टारिओ प्रांतातल्या माहितीच्या कायद्याचा आधार घेऊन असे तक्ते मिळवले, आणि मोठ्या बक्षिसाच्या चिन्हाशेजारच्या कोऱ्या जागांना मुद्दाम जास्त आकडे दिलेले असतात हे त्यांतून दाखवले. या हुलकावण्या माणसावर काय परिणाम करतात, याचा शोध ल्यूक क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केंब्रिजमध्ये घेतला. तो 2009 मध्ये ‘न्यूरॉन’ या नियतकालिकात आला. थोडक्यात हुकणे लोकांना साध्या हरण्यापेक्षाही कमी आवडत होते, तरी पुन्हा खेळण्याची इच्छा त्याने वाढत होती, आणि मेंदूचे जे भाग जिंकल्यावर चेततात त्यांतले काही तेव्हाही चेतत होते.

कायद्याने यात एक रेघ आखली आहे, पण ती कुठे आखली हे पाहण्यासारखे आहे. युनिव्हर्सल या जपानी कंपनीच्या मशीनमध्ये आधी हार ठरत असे आणि मग दुसरा प्रोग्रॅम त्या हारीसाठी ‘जवळपास जिंकलेले’ दृश्य निवडून थेट रेघेवर मांडत असे. नेवाडाच्या जुगार आयोगाने 1989 मध्ये हे नामंजूर केले. निकाल ठरल्यानंतर मशीनने दृश्य बदलण्याचा दुसरा निर्णय घेता कामा नये, हे तिथले तत्त्व. आभासी चाक मात्र या तत्त्वात बसते, कारण त्यात दुसरा निर्णय नसतोच. एकच आकडा, एकच घर. हुलकावणी यादीत आधीच पेरलेली असते. खेळणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर या दोन पद्धतींत मोठा फरक करणे मला पटत नाही.

गोव्यात 1992 च्या कायदादुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना परवानगी मिळाली, त्यामुळे मराठी वाचकालाही ही यंत्रे अपरिचित नाहीत. आता बहुतेक ठिकाणी खरी चाके जाऊन पडदे आले आहेत. पडद्यावरच्या चाकाला लांबीची मर्यादा नाही. चाक शंभर घरांचेही करता येते, त्यामुळे आभासी यादीची गरज उरत नाही. तिथे हुलकावणी वेगळ्या मार्गाने येते. पहिल्या दोन चाकांवर मोठ्या बक्षिसाची चिन्हे भरपूर ठेवायची आणि शेवटच्यावर मोजकीच. मग दोन चिन्हे जुळतात, तिसरे चाक रेंगाळत फिरते आणि बहुतेक वेळा रिकामे थांबते.

फिरत्या चाकांच्या मशीनमध्ये ही वाटणी आहे का, हे एक पैसाही न लावता, शेजारी उभे राहून ओळखता येते. एकच चाक निवडायचे आणि सर्वांत मोठ्या बक्षिसाचे चिन्ह रेघेवर किती वेळा थांबले आणि रेघेच्या वर-खाली किती वेळा, एवढेच मोजायचे. प्रामाणिक चाकावर तिन्ही जागी ते साधारण सारख्याच वेळा दिसते. बावीस घरांच्या चाकावर 640 फेऱ्यांत रेघेवर सुमारे 29 आणि वर-खाली मिळून 58. आपल्या नमुन्यातल्या मशीनवर तेवढ्याच फेऱ्यांत रेघेवर दहा आणि वर-खाली 120. पन्नास-साठ फेऱ्यांच्या मोजणीवर मात्र विसंबता येत नाही, कारण तेवढ्यात रेघेवर ते चिन्ह एकदाही न येणे दोन्ही प्रकारच्या मशीनवर घडू शकते.