वरचढ किस्सा

कुणी आपला अनुभव सांगू लागले, की ‘हे तर काहीच नाही, माझे ऐका’ म्हणत त्याहून मोठा किस्सा सुरू करणारी व्यक्ती बहुतेक कार्यालयांत भेटते. आपण याला बढाई समजतो. पण पुष्कळदा हेतू धीर देण्याचाच असतो. ऐकता ऐकता आपली आठवण जागी होते, ती निसटू नये अशी घाई होते आणि समोरच्याचे बोलणे अर्ध्यावरच राहते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स डर्बर यांनी १९७९ सालच्या आपल्या पुस्तकात संभाषणातील प्रतिसादांचे दोन प्रकार सांगितले आहेत : बोलणाऱ्याच्या विषयाला आधार देणारा आणि विषय स्वतःकडे वळवणारा. हा भेद आपल्याच कामातील उदाहरणाने पाहू.

समजा, एक निवृत्त शिक्षक शाखेत येऊन सांगतात, ‘काल एक फोन आला आणि खात्यातून बारा हजार रुपये गेले.’ अधिकारी म्हणतात, ‘सर, बारा हजारांचे काय घेऊन बसलात! माझ्याकडे एकाचे चार लाख गेले होते.’ चार लाखांची कथा रंगते. शिक्षक ‘हो का?’ म्हणतात आणि गप्प होतात. फोनवरील माणसाच्या सांगण्यावरून त्यांनी मोबाइलमध्ये एक अ‍ॅप घेतलेले असते व ते अजून तसेच असते. ते सांगायचे राहूनच जाते. अशा अ‍ॅपमधून मोबाइलचा पडदा दुसऱ्याला दिसत असेल, तर उरलेली रक्कमही धोक्यात असते. ‘त्याने तुम्हाला काय काय करायला सांगितले?’ एवढे विचारले असते, तर अ‍ॅपचा उल्लेख आला असता, व्यवहार तातडीने रोखता आले असते आणि १९३० या क्रमांकावर तक्रारही वेळेत गेली असती.

‘हो का?’, ‘बरं’ असे तुटक शब्द आणि मग शांतता, ही आपण वरचढ ठरल्याची खूण होय.

याचा अर्थ आपला अनुभव सांगूच नये, असा नव्हे. संभाषणाचे अभ्यासक हार्वी सॅक्स यांनी दाखवून दिले, की पहिल्या कथेला जोडून आलेली दुसरी कथा ही पहिली समजल्याची पावती असू शकते. बिघडते ते माप आणि वेळ. म्हणून सवय मोडताना तोंड बंद करण्याऐवजी क्रम बदलावा. आधी समोरच्याच्या कथेतील तपशिलाबद्दल दोन प्रश्न विचारावेत. त्यानंतरही आपली आठवण उपयोगाची वाटली, तर ती एका वाक्यात सांगून पुन्हा त्यांच्याकडे वळावे : ‘माझ्या मामांनाही असाच फोन आला होता, तुमच्या वेळी पुढे काय झाले?’ बहुधा दोन प्रश्नांनंतर आपल्या किश्श्याची गरजच उरत नाही.

सहलीच्या गप्पांत किंवा जेवणाच्या सुट्टीतील थट्टामस्करीत मात्र हा नियम लावू नये. तेथे एकावर एक किस्से रचण्यातच सर्वांची मजा असते.