दोन लाल, दोन पांढरे

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला आणि बिरसीची धावपट्टी नव्या जिल्ह्याच्या वाट्याला गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेली ही पट्टी आता वैमानिक घडवण्याच्या कामी येते. २००८ पासून तिथे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थेची विमानं उतरत-चढत असतात. या मुलखात रात्री उतरणं मात्र डोळ्यांना फसवणारं असतं. खाली भाताच्या बांध्या, मध्येमध्ये मालगुजारी तलाव, म्हणजे सगळा काळोख. उजेड काय तो समोरच्या पट्टीवर.

अशा काळोखात माणसाला आपण आहोत त्यापेक्षा उंचावर असल्यासारखं वाटू लागतं. बोइंग कंपनीतले मानसशास्त्रज्ञ कॉनराड क्राफ्ट यांनी १९६०च्या दशकात सिम्युलेटरवर प्रयोग करून दाखवलं, की अंधाऱ्या जमिनीवरून उजळलेल्या शहराकडे नुसत्या नजरेच्या भरवशावर येणारे अनुभवी वैमानिकसुद्धा नकळत फार खाली येतात. शिकाऊ पोराची काय कथा! म्हणून पट्टीच्या कडेला, बहुधा डाव्या हाताला, चार दिवे एका ओळीत मांडतात. त्यांना ‘पापी’ म्हणतात. मराठी कानाला हे नाव खटकतं खरं, पण ते निव्वळ इंग्रजी आद्याक्षरांचं आहे.

प्रत्येक दिव्याचा झोत वरच्या अर्ध्या भागात पांढरा आणि खालच्या अर्ध्या भागात लाल असतो. दिव्यापुढे लाल काच वरच्या बाजूला बसवलेली असते. भिंगातून प्रतिमा उलटते आणि लाल खाली जातो. खरी करामत आहे ती चार झोतांच्या कोनांत. तीन अंशांच्या उतारासाठी पट्टीला सर्वांत जवळचा दिवा ३ अंश ३० मिनिटांवर रोखतात, पुढचे ३ अंश १० मिनिटं आणि २ अंश ५० मिनिटांवर, आणि सर्वांत बाहेरचा २ अंश ३० मिनिटांवर. (साठ मिनिटांचा एक अंश.) वैमानिकाचा डोळा बरोबर तीन अंशांवर असेल तर आतले दोन झोत त्याच्या डोक्यावरून जातात म्हणून ते लाल, बाहेरचे दोन त्याच्या खाली राहतात म्हणून ते पांढरे. विमान उतारावर आहे.

आता एक उतरणं हिशोबाने पाहू. दिव्यांपासून ५ किलोमीटरवर विमान २६२ मीटर उंच आहे. दोन लाल, दोन पांढरे, सगळं ठीक. ३ किलोमीटरवर ते १५७ मीटरवर हवं, पण पोराने नाक जरा जास्त दाबलं आणि ते १४५ वर आलं. चूक फक्त १२ मीटरची. तरी कोन २ अंश ४६ मिनिटं झाला आणि तिसरा दिवाही लाल झाला. अजून घसरून ते १३० वर आलं असतं तर चारही लाल, म्हणजे ताबडतोब वर. उलट उंची वाढत गेली तर आधी तीन पांढरे दिसतात, मग चारही.

यात एक खोच आहे. ‘ठीक आहे’ सांगणारी पट्टी वीस मिनिटांची. ५ किलोमीटरवर तिची जाडी २९ मीटर भरते, ६०० मीटरवर जेमतेम साडेतीन. म्हणजे जितकं जवळ जावं तितके दिवे हट्टी होतात, आणि शेवटच्या क्षणांत रंगांमागे धावणारा वैमानिक विमान वर-खाली हिंदकळवत बसतो. तिथे नजर धावपट्टीवरच हवी.

या चार दिव्यांआधी एक मोठा वाद झाला होता, आणि तो फारसा कुणाला ठाऊक नाही. इंग्लंडच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटने लाल-पांढऱ्या रंगांची पद्धत पुढे आणली होती. तिच्या पेट्यांत भिंग नव्हतं, नुसती फट आणि रंगीत काच. त्यामुळे लाल आणि पांढऱ्याच्या मध्ये रुंद, संदिग्ध गुलाबी पट्टा पडे, आणि वैमानिक त्यातून जाताना नेमकं काय समजावं ते कळत नसे. मेलबर्नच्या एरोनॉटिकल रिसर्च लॅबोरेटरीजमधल्या रोनाल्ड कमिंग यांच्या गटाचं मत वेगळं होतं: रंग नको, आकार हवा. त्यांच्या मांडणीत उतारावर नुसती आडवी ओळ दिसे. खाली गेलं की तिच्याखाली दिवे उजळून इंग्रजी ‘टी’ उमटे, वर गेलं की उलटा ‘टी’. फारच खाली गेलं तर मात्र लाल रंग येई. तेवढी मुभा त्यांनी रंगाला ठेवली. पुरुषांत सुमारे ८ टक्के लोकांना लाल-हिरव्यात कमीजास्त गल्लत होते, हे ध्यानात घेतलं तर मेलबर्नकरांचा मुद्दा वजनदार होता. डोळ्याच्या दृष्टीने ती मांडणी सरस होती, यात शंका वाटत नाही.

पण तिला पट्टीच्या दोन्ही बाजूंना मिळून वीस पेट्या लागत. प्रत्येक पेटी नेमक्या कोनात ठेवायची, तिच्याभोवतीची जमीन राखायची, दिवे बदलायचे. ऑस्ट्रेलियाने ती दशकानुदशकं जपली. बाकी जगाला परवडेना. मग त्याच इंग्लिश संस्थेच्या बेडफर्डच्या केंद्रात टोनी स्मिथ आणि डेव्हिड जॉन्सन यांनी १९७०च्या दशकात जुन्या लाल-पांढऱ्या कल्पनेत भिंग घातलं आणि पेट्या एका ओळीत आणल्या. गुलाबी पट्टा कोनाच्या तीन मिनिटांवर आटला. चार पेट्यांत काम भागलं! पुढे नासाने स्पेस शटलच्या सुमारे वीस अंशांच्या तीव्र उतरणीसाठी हेच दिवे वापरले.

एक गोष्ट मात्र दोन्ही पक्षांच्या हाती नव्हती. दिवा डोळ्याचा कोन दाखवतो, चाकांचा नाही. पट्टीच्या उंबरठ्यापासून ३०० मीटर आत दिवे असतील, तर उताराच्या खालच्या कडेने येणाऱ्या वैमानिकाचा डोळा उंबरठ्यावर साधारण पंधरा मीटर उंच असतो. प्रशिक्षणाच्या छोट्या विमानात चाकं डोळ्याच्या थोडीच खाली, म्हणून भरपूर मोकळीक. मोठ्या जेटमध्ये हेच अंतर दहा मीटरहून जास्त असू शकतं. मग चाकांखाली पाच मीटरही उरत नाहीत. म्हणून मोठी विमानं येतात तिथे दिवे आणखी आत सरकवावे लागतात.

आणि दिवे खोटंही बोलतात. चिकण मातीत बसवलेला पाया पावसाळ्यात अर्धा अंश कलला तरी सगळा हिशोब बिघडतो. म्हणून पेटी ठरावीक मर्यादेबाहेर कलली की वीज तोडणारा खटका बसवतात, आणि कोनमापकाने तपासणी करत राहावी लागते. गवत वाढलं तर दूरच्या विमानाला झोत अडतो. सर्वांत फसवं असतं ते दव. भिंगावर ओल साठली की लाल आणि पांढरा मिसळतात, रंगांची तीक्ष्ण कड जाते आणि खाली असलेल्या वैमानिकालाही पांढुरका उजेड दिसू शकतो. यावर उपाय साधा आहे: दिवे अगदी मंद का होईना, पण आधीपासून पेटते ठेवून भिंगं उबदार राखायची. बांध्यांतल्या धुकट थंडीत पहाटेचं पहिलं विमान उतरणार असेल, तर ही काळजी आदल्या रात्रीच घ्यावी लागते.