दुकानाचे जीएसटी बिल आणि तिमाहीच्या तारखा

महाराष्ट्रात फक्त मालाची विक्री करणाऱ्या आणि ती राज्यातच करणाऱ्या दुकानदाराची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांवर गेली, की जीएसटी नोंदणी सहसा बंधनकारक होते. नोंदणीनंतर १५ अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक मिळतो. तेव्हापासून दुकानदार ग्राहकाकडून कर घेतो आणि सरकारकडे भरतो. या हिशेबाची सुरुवात बिलापासून होते.

बिलावर दुकानाचे नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक, बिलाचा क्रमांक आणि तारीख असावी लागते. मालाचे वर्णन, नग, करापूर्वीची किंमत, कराचा दर, कराची रक्कम आणि सहीही लागते. बिलांचे क्रमांक ओळीने चालले पाहिजेत आणि आर्थिक वर्षात एक क्रमांक दोनदा येता कामा नये. घेणारा नोंदणीकृत व्यापारी असेल, तर त्याचे नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक आणि मालाचा एचएसएन कोडही लिहावा लागतो. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानाला या कोडचे चार अंक पुरतात. दोनशे रुपयांच्या आतल्या किरकोळ विक्रीत नोंदणी नसलेल्या ग्राहकाने बिल मागितले नाही, तर वेगळे बिल लागत नाही. अशा सगळ्या विक्रीचे दिवसअखेर एक एकत्र बिल करावे लागते.

साताऱ्यातील विजेच्या सामानाच्या दुकानाचे उदाहरण घेऊ. दुकानदाराने पुण्याच्या घाऊक व्यापाऱ्याकडून १० पंखे प्रत्येकी १,२०० रुपयांना घेतले. १२,००० रुपयांवर १८ टक्क्यांनी २,१६० रुपये कर लागला. तेच पंखे त्याने प्रत्येकी १,५०० रुपये अधिक कर, म्हणजे १,७७० रुपयांना विकले. ग्राहकांकडून मूळ किंमत १५,००० आणि कर २,७०० रुपये जमा झाला. खरेदीवर दिलेले २,१६० रुपये त्यातून वजा होतात. हेच इनपुट टॅक्स क्रेडिट. सरकारला भरायचे उरतात ५४० रुपये. विक्री राज्यातलीच असल्याने प्रत्येक बिलावर कराचे दोन समान भाग दिसतात: केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी. माल दुसऱ्या राज्यात विकला, तर त्याऐवजी एकच आयजीएसटी लागतो.

ही वजावट केवळ हातातल्या खरेदी बिलावर मिळत नाही. पुण्याच्या व्यापाऱ्याने ते बिल आपल्या विक्रीच्या रिटर्नमध्ये दाखवले, तरच ते साताऱ्याच्या दुकानदाराच्या जीएसटीआर-२बी या तक्त्यात येते. व्यापाऱ्याने रिटर्न भरले नाही किंवा जीएसटी क्रमांक चुकीचा लिहिला, तर बिल तेथे दिसत नाही आणि २,१६० रुपयांची वजावट अडकते. म्हणून रिटर्न भरण्याआधी खरेदीची बिले या तक्त्याशी ताडून पाहावी लागतात. राहिलेले बिल लक्षात येताच व्यापाऱ्याला कळवले, तर तो ते पुढच्या रिटर्नमध्ये दाखवू शकतो.

पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेला दुकानदार रिटर्न तिमाहीला आणि कर महिन्याला भरण्याची योजना निवडू शकतो. एप्रिल ते जून या तिमाहीत एप्रिलचा कर २५ मेपर्यंत आणि मेचा २५ जूनपर्यंत चलनाने भरायचा असतो. शिल्लक वजावटीतूनच त्या महिन्याचा कर भागत असेल, तर चलन लागत नाही. मग विक्रीचा तपशील देणारे जीएसटीआर-१ हे १३ जुलैपर्यंत आणि कराचा हिशेब पुरा करणारे जीएसटीआर-३बी हे महाराष्ट्रात २२ जुलैपर्यंत भरायचे. जूनचा कर याच ३बी सोबत जातो. योजना न निवडणाऱ्यांना दर महिन्याचे जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि ३बी २० तारखेपर्यंत भरावे लागते.

तारीख चुकली, की ३बी साठी दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क लागते. २२ जुलैचे रिटर्न १ ऑगस्टला भरले, तर दहा दिवसांचे ५०० रुपये होतात. शिवाय रोखीने भरायच्या करावर वर्षाला १८ टक्के दराने व्याज चढते. तिमाहीत काहीच विक्री झाली नसली, तरी शून्य रिटर्न भरावेच लागते. ते राहिले तर दिवसाला २० रुपये शुल्क लागते.

दीड कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला कंपोझिशन योजनेचा सोपा मार्गही आहे. त्यात करपात्र विक्रीवर एक टक्का कर तिमाहीनंतरच्या महिन्याच्या १८ तारखेपर्यंत भरायचा आणि वर्षाचे रिटर्न ३० जूनपर्यंत द्यायचे. मात्र हा दुकानदार ग्राहकाकडून कर वेगळा घेऊ शकत नाही, खरेदीवरची वजावट त्याला मिळत नाही आणि परराज्यात माल विकता येत नाही. त्यामुळे ज्याचे बहुतेक गिऱ्हाईक स्थानिक आणि किरकोळ आहे त्याला कंपोझिशन परवडते. ज्याचा माल नोंदणीकृत व्यापारी घेतात त्याने नियमित नोंदणीच ठेवावी, कारण त्या व्यापाऱ्यांना वजावटीसाठी कर दाखवणारे बिल लागते.