मेन स्विच बंद, तरी डीबी जिवंत: एमसीबी काढण्याविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

डिस्ट्रिब्युशन बोर्डातला, म्हणजेच डीबीतला एमसीबी ३५ मिलिमीटर रुंदीच्या पत्र्याच्या पट्टीवर बसवलेला असतो. या पट्टीला डिन रेल म्हणतात. एमसीबीच्या पाठीमागे वरच्या बाजूला पक्का ओठ असतो, तो रेलच्या काठावर अडकतो. खालच्या बाजूला स्प्रिंगची क्लिप असते. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ती खाली ओढली की एमसीबीचा तळ पुढे येतो आणि तो वर उचलून काढता येतो. कृती एवढी सोपी दिसत असल्यामुळेच तिच्याभोवती गैरसमज जमले आहेत.

कोल्हापुरात शाहूपुरीच्या सखल भागात या कामाची वेळ अनेक घरांवर एकदमच आली. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, या दोन्ही पुरांत पंचगंगेचे पाणी फुगले आणि कुंभार गल्लीसारख्या भागात घरांत शिरले. डीबीपर्यंत पाणी चढले, की पूर ओसरल्यावर त्यातले एमसीबी बदलावे लागतात. तळमजल्यावर सहा एमसीबींचा डीबी आणि वरच्या मजल्यावर इन्व्हर्टर, असे एक घर उदाहरणादाखल समोर ठेवले तर पुढचे मुद्दे स्पष्ट होतात.

गैरसमज १: मेन स्विच पाडला की सगळा डीबी बंद होतो.

वस्तुस्थिती: मेन स्विच फक्त स्वतःच्या पुढची वीज तोडतो. मीटरकडून आलेली केबल मेन स्विचच्या ज्या स्क्रूंना जोडलेली असते, तिथे २३० व्होल्ट तसेच राहतात. डीबीचे झाकण काढले की हे जिवंत स्क्रू एमसीबींच्या रांगेपासून जेमतेम काही बोटांवर असतात. क्लिप ओढताना स्क्रूड्रायव्हर निसटला, तर तो तिथेच जाऊन आदळू शकतो. म्हणून मीटरनंतर घरमालकाचा वेगळा स्विच किंवा कट-आउट असेल तर वीज तिथूनच तोडायची असते. तसा स्विच नसेल आणि मीटरच्या पेटीला सील असेल, तर ते सील तोडण्याचा अधिकार महावितरणलाच आहे. त्यांना पुरवठा बंद करायला सांगणे हाच योग्य मार्ग.

जुन्या घरांत आणखी एक अडचण असते. तिथला मेन स्विच काही वेळा फक्त फेज तोडतो आणि न्यूट्रल जोडलेलाच राहतो. दोन्ही तोडणारा डबल पोल स्विच असेल, तरच त्याच्यापुढचा भाग महावितरणच्या पुरवठ्यापासून पूर्ण सुटा होतो.

गैरसमज २: बाहेरून वीज येत नाही, तर धोका उरत नाही.

वस्तुस्थिती: मेन स्विच बंद होताच इन्व्हर्टरला वाटते की वीज गेली, आणि क्षणार्धात तो बॅटरीवरून पुरवठा सुरू करतो. म्हणजे वीज बंद करण्याची कृतीच दुसरी वीज चालू करते. उदाहरणातल्या घरात दिवे-पंख्यांची लाइन इन्व्हर्टरवर आहे आणि तिची वायर याच डीबीतून जाते. त्या वायरीत पुन्हा २३० व्होल्ट येतात. एमसीबीचा दांडा खाली असला तरी इन्व्हर्टरकडून येणाऱ्या बाजूचा स्क्रू जिवंतच असतो. तळमजला पाण्याखाली गेला तरी वरच्या मजल्यावरची बॅटरी शाबूत असते, हे पुरानंतर विसरले जाते. त्यासाठी इन्व्हर्टरचा समोरचा स्विच बंद करावा लागतो. त्याचा प्लग काढून उपयोग नाही, कारण प्लग काढणे इन्व्हर्टरच्या लेखी वीज जाण्यासारखेच असते. भाड्याने आणलेला जनरेटर घरातल्या सॉकेटला जोडला असेल, तर तोही डीबीत उलट्या दिशेने वीज पाठवतो.

गैरसमज ३: टेस्टर पेटला नाही, म्हणजे करंट नाही.

वस्तुस्थिती: टेस्टरमधला निऑन दिवा पेटतो तो धरणाऱ्याच्या शरीरातून जमिनीकडे जाणाऱ्या अतिसूक्ष्म प्रवाहामुळे. माणूस लाकडी स्टुलावर उभा असेल किंवा रबरी चपला घातल्या असतील, तर दिवा मंद होतो. भर उजेडात तो दिसत नाही, आणि टेस्टर आतून बिघडला असेल तर पेटतच नाही. दोन टोकांचा मीटर वापरून मात्र भरवशाची तपासणी करता येते. मीटर एसी व्होल्टवर ठेवून आधी जिवंत असल्याची खात्री असलेल्या ठिकाणी तो चालतो का ते पाहतात. नंतर काढायच्या एमसीबीच्या दोन्ही बाजूंना फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असे मोजतात. शेवटी पुन्हा त्या जिवंत ठिकाणी मीटर लावून पाहतात. मधल्या वेळात मीटर बंद पडला असेल तर ते या शेवटच्या पायरीत कळते. तिच्याशिवाय मीटरवर दिसलेल्या शून्याला अर्थ नाही.

गैरसमज ४: क्लिप ओढली की एकटा एमसीबी बाहेर येतो.

वस्तुस्थिती: रांगेतल्या सगळ्या एमसीबींना तांब्याची एक कंगव्यासारखी पट्टी फेज पुरवते. हाच बसबार. त्याचा एकेक दात प्रत्येक एमसीबीच्या स्क्रूखाली पकडलेला असतो. अनेक डीबींत बसबार क्लिपच्याच बाजूला, म्हणजे खाली असतो. सहापैकी तिसरा एमसीबी काढायचा असेल आणि फक्त त्याचाच स्क्रू सैल केला, तर दात त्याला पुढे येऊ देत नाही. जोर लावल्यास दात वाकतो किंवा एमसीबीचा ओठ तुटतो. म्हणून बसबारकडचे सहाही स्क्रू सैल करून बसबार खाली सरकवतात. तिसऱ्याची बाहेर जाणारी वायर खूण करून सोडवतात आणि मगच क्लिप ओढतात.

नवीन एमसीबी बसवताना चूक होते ती याच जागी. स्क्रूखाली एक छोटी धातूची चौकट असते. बसबारचा दात त्या चौकटीच्या आत जायला हवा. तो तिच्या मागे गेला, तरी स्क्रू पूर्ण घट्ट लागतो आणि काम नीट झाल्यासारखे वाटते, पण दाताला कोणीच धरलेले नसते. तिथे ठिणग्या पडतात, प्लास्टिक तपकिरी होते, जळका वास येतो किंवा बारीक चरचर ऐकू येते. म्हणून घट्ट केल्यावर बसबार आणि प्रत्येक वायर हाताने ओढून पाहायची असते. सैल केलेले शेजारचे पाचही स्क्रू पुन्हा आवळायचे असतात.

गैरसमज ५: भिजलेला एमसीबी उन्हात वाळवला की चालतो.

वस्तुस्थिती: पुराच्या पाण्यासोबत गाळ आत शिरतो आणि सुटे भाग गंजतात. दांडा वर-खाली होतो, दिवाही लागतो. पण शॉर्टसर्किटच्या वेळी तो एमसीबी पडेल का, हे बाहेरून पाहून कळत नाही. पाण्याखाली गेलेला एमसीबी बदलायचाच असतो, आणि तोही तेवढ्याच अँपिअरचा. वारंवार पडतो म्हणून जास्त अँपिअरचा बसवला, तर एमसीबीच्या आधी भिंतीतली वायर तापते.

गैरसमज ६: आपल्या घरातला डीबी कोणीही उघडून दुरुस्त करू शकतो.

वस्तुस्थिती: दिवा, पंखा किंवा फ्यूज यांसारखी वस्तू होती तशीच बदलण्याची कायद्यात मुभा आहे. पण वायरिंगची दुरुस्ती आणि फेरबदल परवानाधारक कंत्राटदाराने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखालीच करायचे असतात. भिजलेल्या डीबीत वायरी, बसबार आणि अर्थिंगही तपासावे लागत असल्यामुळे पुरानंतरचे काम याच दुसऱ्या प्रकारात मोडते.

काम झाल्यावर आधी झाकण लावतात आणि सगळे एमसीबी खाली ठेवून मेन स्विच चालू करतात. मग एकेक एमसीबी वर करतात. त्यामुळे दोष असलाच, तर तो कोणत्या लाइनवर आहे ते लगेच कळते. इन्व्हर्टर सर्वांत शेवटी सुरू करतात.