उद्याचं विमान, आजची चौकशी

रेल्वेचं तिकीट काढलं की गाडी ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या स्टेशनातून सुटणार, हे आपण गृहीत धरतो. विमानाच्या बाबतीत तसं धरू नये. तिकिटाच्या कागदावर असते ती बुकिंगच्या दिवशीची माहिती. देशातल्या विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून. त्यामुळे गणपतीत काढलेलं दिवाळीनंतरचं तिकीट जुन्या वेळेचं असू शकतं, आणि टर्मिनलही जुनंच.

मुंबईत हे महागात पडतं. टर्मिनल १ सांताक्रूझ-विलेपार्ल्याच्या बाजूला, टर्मिनल २ अंधेरी पूर्वेला सहार रोडवर. दोन्ही एकाच विमानतळाची, पण बाहेरच्या रस्त्याने चार-पाच किलोमीटर अंतर, आणि सकाळच्या ट्रॅफिकमध्ये ते अर्धा तासही खातं. टर्मिनल २ वरून फक्त परदेशी विमानं सुटतात, ही समजूत जुनी झाली. देशांतर्गत विमानंही तिथून उडतात आणि एकाच कंपनीची विमानं दोन्हीकडे विभागलेली असू शकतात. शिवाय २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही उड्डाणं सुरू झाली आहेत. म्हणून कोड बघावा: मुंबई BOM, नवी मुंबई NMI. गोव्यातही तसंच, दाबोळी GOI आणि मोपा GOX.

समजा, साताऱ्याच्या एका जोडप्याने ओळखीच्या एजंटाकडून ऑगस्टमध्ये मुंबई-दिल्ली तिकीट काढलं. नोव्हेंबरमधलं, सकाळी ९.२० चं, टर्मिनल १. ऑक्टोबरअखेर कंपनीने वेळ ७.५० केली आणि विमान टर्मिनल २ वर नेलं. तसा मेसेज कंपनीने पाठवलाही, पण तो गेला एजंटाच्या मोबाइलवर, कारण बुकिंगमध्ये नंबर त्याचाच होता. देशांतर्गत प्रवासात सामान घेणारं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं. म्हणजे ६.५० ला काउंटर बंद, तिथे पोचायचं ५.५० पर्यंत, आणि साताऱ्याहून साडेपाच तास धरले तर निघायचं रात्री सव्वाबाराला. जुन्या वेळेच्या हिशेबाने ते पावणेदोनला निघाले असते आणि सव्वासातला पोचले असते, तेही भलत्याच टर्मिनलवर.

हे टाळायला आदल्या दिवशी पाच मिनिटं पुरतात. कंपनीच्या साइटवर किंवा ॲपमध्ये Manage Booking उघडून पीएनआर आणि आडनाव टाका. तारीख, वेळ, टर्मिनल तिकिटाशी ताडून बघा. तिथेच संपर्काचा नंबर तपासा आणि एजंटाचा असेल तर आपला घालून घ्या. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार, विमान ऐनवेळी रद्द झाल्यास मिळणारी भरपाई पुरेसा संपर्क तपशील न दिलेल्या प्रवाशाला नाकारता येते. त्यामुळे हा नंबर बुकिंगच्या वेळीच आपला दिलेला बरा.

नंतर Flight Status मध्ये विमानाचा नंबर टाका, पण तारीख नीट निवडा. तोच नंबर रोज उडतो, त्यामुळे आजच्या विमानाची स्थिती उद्याची समजून बसणारे कमी नाहीत. मध्यरात्रीनंतरच्या विमानात आणखी एक मेख असते: १५ तारखेचं ००.४० चं विमान गाठायचं तर १४ च्या रात्रीच विमानतळावर असावं लागतं. तिकिटावर एका कंपनीचं नाव आणि खाली Operated by म्हणून दुसरीचं असेल, तर टर्मिनल दुसरीचं धरावं.

गेटची चौकशी मात्र आदल्या दिवशी करण्यात अर्थ नाही. ते प्रवासाच्या दिवशी ठरतं आणि आधीचं विमान उशिरा आलं किंवा जागा मोकळी झाली नाही, की बदलतं. बोर्डिंग पासवर छापलेला आकडाही अंतिम नसतो. मुंबईसारख्या मोठ्या विमानतळांवर प्रत्येक विमानाची घोषणा होत नाही, म्हणून सुरक्षा तपासणी झाल्यावर एकदा आणि बोर्डिंगच्या आधी एकदा पडद्यावर नजर टाकावी. गेट साधारण २० ते २५ मिनिटं आधी बंद होतं, आणि टर्मिनल २ मध्ये एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालण्यातच बराच वेळ जातो.

आदल्या दिवशी सगळं ठीक दिसलं तरी घरातून निघताना स्थिती पुन्हा बघा. विमानाला दोन तास उशीर दिसला, तरी आपण मूळ वेळेच्या हिशेबानेच निघावं. उशीर कमी होऊ शकतो, आणि काउंटर बऱ्याचदा मूळ वेळेप्रमाणेच बंद होतं.