‘फुल अँड फायनल’चा हिशेब आपणच मांडावा

नोकरी सोडली, ओळखपत्र नि लॅपटॉप परत केला. मार्चचा पगारही आला. पण ‘फुल अँड फायनल’ विचारलं की एचआरचं उत्तर ठरलेलं: “फाईल अकाउंट्सकडे गेली आहे.” अशा वेळी माजी कर्मचारी बहुधा चिडून लांबलचक पत्र लिहितो. त्यात अन्यायाचं वर्णन भरपूर असतं, आकडा मात्र एकही नसतो.

चाकणच्या एखाद्या कारखान्यातला सुपरवायझर घेऊ. रुजू १ जुलै २०१७, राजीनामा १० फेब्रुवारी २०२४, शेवटचा दिवस ३१ मार्च २०२४. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ३१,२०० रुपये. या चार गोष्टी पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांवरच उभं राहतं.

मोठी रक्कम ग्रॅच्युइटीची, आणि घोळही तिथेच होतो. कायद्यानुसार प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचं वेतन मिळतं, पण महिना २६ दिवसांचा धरतात. म्हणजे ३१,२०० भागिले २६, गुणिले १५: वर्षाला १८,००० रुपये. त्याची सेवा सहा वर्षं नऊ महिने. सहा महिन्यांहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणून सात वर्षांचे १,२६,००० रुपये. कंपनीने ३० ने भागून सहाच वर्षं धरली, तर आकडा ९३,६०० वर येतो. पत्रात सूत्र लिहिलेलं असेल, तर ३२,४०० रुपयांची ही तूट लगेच दिसते.

त्याच्या शिल्लक रजा १८. नियुक्तिपत्रात रजेचा दिवस ३० ने भागून, म्हणजे १,०४० रुपये, धरायचं ठरलं आहे. त्याचे १८,७२० होतात. नोटीस मात्र साठ दिवसांची होती आणि त्याने पन्नासच भरले. नियुक्तिपत्राप्रमाणे दहा दिवसांचे १०,४०० त्याने स्वतःच वजा दाखवावेत. आपल्याविरुद्धचा आकडा लपवलेलं पत्र अकाउंट्सवाले पाच मिनिटांत मोडीत काढतात. कर वगळता येणं उरतं १,३४,३२० रुपये.

आता उशीर. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून तीस दिवसांत द्यायची असते. ती मुदत चुकली की दहा टक्के सरळव्याज लागतं, आणि ते मुदत संपल्यापासून नव्हे, रक्कम देय झाल्या दिवसापासून. पत्र १० जूनला लिहिलं, तर ७१ दिवसांचं व्याज सुमारे २,४५१ रुपये. फार नाही, पण रोज साडेचौतीस रुपये वाढतात हे कंपनीला कळतं.

पत्राच्या शेवटी पंधरा दिवसांची मुदत आणि बँक खात्याचा तपशील द्यावा. नियुक्तिपत्र, राजीनामा स्वीकारल्याचा ईमेल आणि शेवटची पगार पावती जोडावी. पत्र ईमेलने आणि पोचपावतीच्या टपालानेही पाठवावं. दाद लागली नाही, तर ग्रॅच्युइटीसाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. त्याला मुदतीची मर्यादा असल्याने पत्रव्यवहारात महिने घालवणं परवडत नाही.