वधूचे पत्र आणि रिटचरचा हात

छायाचित्रांची डागडुजी हा काही आजचा उद्योग नव्हे. काचेच्या निगेटिव्हच्या काळी रिटचर टोकदार शिसपेन्सिलीने चेहऱ्यावरील सुरकुत्या भरून काढीत असे. पेन्सिलीची रेघ उजेड अडवी, त्यामुळे छापील प्रतीत ती जागा उजळ उतरे. हे काम कष्टाचे असल्यामुळे त्यास आपोआप मर्यादा पडे. आज संगणकावर संपूर्ण चेहरा क्षणात गुळगुळीत करता येतो, म्हणून मर्यादा घालण्याचे काम छायाचित्र ज्याचे, त्याच्याकडे आले आहे.

अशी मर्यादा घालणारे एका वधूचे ई-पत्र उदाहरणादाखल घेऊ. ‘सुधारणा हलकी असावी,’ एवढेच तिने लिहिले, तर तिचा हेतू साधणार नाही. ‘हलकी’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक रिटचर आपापल्या सवयीनुसार लावतो. म्हणून ती लिहिते :

‘लग्नाच्या आदल्या दिवशी गालावर आलेला फोड काढावा. कपाळावर उडालेले सुटे केस आवरावेत. डोळ्यांखालील काळसरपणा निम्मा कमी करावा, पुसू नये. हनुवटीवरचा तीळ, भुवईतील लहानपणीचा व्रण व हसताना डोळ्यांच्या कडेस पडणाऱ्या रेषा तशाच ठेवाव्यात. नाकाचा वा कमरेचा आकार बदलू नये. वर्ण उजळवू नये. आधी एकच छायाचित्र करून दाखवावे आणि मूळ प्रती जपून ठेवाव्यात.’

या पत्रामागे रिटचर मंडळींत रूढ असलेला एक साधा नियम आहे. जे पंधरा दिवसांत आपोआप नाहीसे होईल ते काढावे. जे राहणार आहे ते राखावे. फोड जाईल, तीळ राहील. परंतु हा नियम सर्वत्र पुरत नाही. हळदीचा पिवळेपणा चार दिवसांत जातो, तथापि हळदीच्या छायाचित्रातून तो काढला तर प्रसंगच हरवतो. अशा गोष्टी वधूने स्वतंत्रपणे नमूद केलेल्या बऱ्या.

फोड काढताना रिटचर शेजारच्या निरोगी कातडीचा पोत त्या जागी आणतो आणि त्याचा रंग भोवतालच्या रंगाशी जुळवून घेतो. हे काम एकेका ठिकाणी होत असल्यामुळे बाकीच्या चेहऱ्यास धक्का लागत नाही. बिघाड होतो तो सबंध गाल एकदम धूसर केल्याने. कातडीवरील सूक्ष्म रंध्रे व लव पुसली जातात आणि चेहरा मेणाच्या बाहुलीसारखा दिसू लागतो. डोळ्यांखालच्या छायेसाठी चांगला रिटचर सुधारणा वेगळ्या थरावर करतो आणि त्या थराची तीव्रता निम्म्यावर आणतो. वधूचे ‘निम्मा’ हे माप त्यास अशा रीतीने अक्षरशः पाळता येते.

सर्वांत नाजूक प्रश्न वर्णाचा. मांडवाचे कापड तांबडे असेल तर त्याची झाक चेहऱ्यावर पडते. ती काढणे योग्यच आहे. ती वधूच्या कातडीची नव्हे, कापडाची आहे. त्यासाठी त्याच उजेडातील एखादी पांढरी वस्तू, उदाहरणार्थ अंतरपाट, प्रमाण धरावी. अंतरपाट पांढरा दिसू लागेपर्यंत सबंध चित्राचा रंग सुधारला, की चेहराही आपल्या मूळ वर्णावर येतो. याउलट केवळ चेहरा उजळला, तर मान आणि मेंदीचे हात सावळेच राहतात. पाहणाऱ्यास कारण सांगता आले नाही, तरी काहीतरी विजोड आहे हे त्यास जाणवतेच.

नमुन्याचे छायाचित्र आले म्हणजे वधूने ते मूळ छायाचित्राशेजारी ठेवून दोन अंतरांवरून पाहावे. प्रथम पडद्यावर पूर्ण आकारात : गालावर रंध्रे दिसतात काय? चेहरा व मान यांचा वर्ण जुळतो काय? कमरेमागील खांबाची वा दाराच्या चौकटीची सरळ रेषा वाकलेली तर नाही ना? ती वाकली असेल तर आकार ओढूनताणून बदलला आहे, असे समजावे. त्यानंतर चित्र अल्बमाच्या आकारात, हातभर अंतरावरून पाहावे. ही दुसरी पाहणी रिटचरलाही आवश्यक असते. तो तासन्‌तास चेहरा मोठा करून पाहतो; त्यामुळे अल्बमात कोणाच्या दृष्टीसही न पडणारी रेघ त्याला दोष वाटू लागते, आणि एकेक करीत हात जड होत जातो.

नमुन्यात काही अधिक झाले असेल तर ‘आवडले नाही’ असे न लिहिता ‘उजव्या गालाचा पोत परत आणावा’ असे लिहावे. थर वेगळे राखलेले असल्यास हे काम थोड्या वेळात होते. सर्व चित्रांवर एकदा तोच हात फिरल्यावर मात्र प्रत्येक चित्र मुळापासून पुन्हा करावे लागते. पुसलेली रंध्रे सुधारलेल्या प्रतीतून परत मिळत नाहीत. ती केवळ मूळ प्रतीत उरतात. भुवईतील तो व्रण आणि हनुवटीवरचा तो तीळ पुढे नातवंडांस आपल्या आजीच्या चित्रात सापडावयाचा असेल, तर पत्रातील शेवटचे वाक्यच सर्वांत मोलाचे ठरते.